बाळ झाल्यावर व्यायामाचं वेळापत्रक

बाळ दोन महिन्यांचं, त्याच्यासाठी मी रात्री तीनदा उठतो. आधी आठवड्यातून पाचदा जिम आणि रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर धावणं व्हायचं. आता काय करू?

उत्तर: वार ठरवूच नका. एक दिवस वजनं, एक दिवस धावणं, एवढीच जोडी ठेवा. वेळ मिळेल तेव्हा राहिलेलं करा. वजन जवळपास पूर्वीचंच, सेट मात्र तीनाऐवजी एक. ताकद टिकायला तेवढं पुरतं, वाढणार नाही. धावणं २५ मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच वेगाला नाडी जास्त चढते, त्यात अपुरी झोप. म्हणून घड्याळातला जुना वेग विसरा. रात्र फारच वाईट गेली असेल तर जड वजनं नकोत, बाळाला घेऊन फेरी मारा. दुपारी तासभर मोकळा मिळाला तर सरळ झोपा. आठवडाभर पायऱ्या चढतानाही पाय जड वाटले, तर धावणं थांबवून नुसतं चाला.