एकक अंक बरोबर येतो, बाकी मात्र चुकते

प्रश्न: "मोठा घातांक दिसला की त्याला 4 ने भागायचं, एवढं मला पाठ आहे. 17²⁰³ चा एकक स्थानचा अंक तसा काढला, 3 आला आणि तो बरोबर निघाला. पुढच्याच प्रश्नात 17²⁰³ ला 7 ने भागल्यावरची बाकी विचारली होती. माझी आली 6, उत्तरसूचीत 5 आहे. कधी जमतं, कधी फसतं. आता असे प्रश्न सोडूनच द्यावेत का?"

सोडायची गरज नाही, कारण तुमच्या कच्च्या कामातली एकच ओळ चुकली आहे. 17 ला 7 ने भागून तुम्ही बाकी 3 घेतली आणि 17²⁰³ च्या जागी 3²⁰³ धरलं, ते योग्यच. त्यानंतर 203 ला 4 ने भागलंत, 3 उरले, 3³ = 27, आणि 27 ला 7 ने भागून बाकी 6. त्यातला 4 आला कुठून? तो एकक अंकाच्या प्रश्नातून उचललेला आहे.

एकक अंक म्हणजे संख्येला 10 ने भागल्यावरची बाकी. 7 चे घात करत गेलं की शेवटचे अंक 7, 9, 3, 1 असे येतात आणि पाचव्या घाताला पुन्हा 7. शेवटी 2, 3, 7 किंवा 8 असेल तर चक्र चार जागांचं, 4 आणि 9 ला दोन जागांचं, 0, 1, 5, 6 ला एकाच जागेचं. या सगळ्या लांबींनी 4 ला भाग जातो, म्हणून एकक अंकासाठी 4 कुठेही चालतो. भाजक 10 वरून 7 झाला की चक्रही बदलतं.

ते हाताने लिहायला अर्धं मिनिट पुरतं. 3 पासून सुरुवात करा. आलेल्या बाकीला 3 ने गुणा, 7 ने भागा आणि नवी बाकी लिहा: 3, 2, 6, 4, 5, 1. घात मोठा झाला तरी पुढे न्यायची असते ती फक्त बाकी. सहाव्या जागी 1 आला, तिथे थांबा. 203 = 6 × 33 + 5. यातल्या 3¹⁹⁸ म्हणजे (3⁶)³³ ची बाकी 1, आणि उरलेल्या 3⁵ ची बाकी पाचव्या जागेवर दिसतेच: 5.

पडताळा हवा असेल तर 27 ची बाकी 6 न म्हणता −1 म्हणा. 203 = 3 × 67 + 2, म्हणून (−1)⁶⁷ × 9 = −9. त्यात 14 मिळवले की 5. ऋण बाकी आली की भाजकाची पट मिळवून ती धन करायची, हे मात्र विसरू नका. पर्यायांत ऋण उत्तर नसतं.

"कधी जमतं" याचंही कारण आहे. 3¹⁰⁰ ला 7 ने भागायचं असतं, तर 100 ला 4 ने पूर्ण भाग जातो म्हणून 3⁴ = 81 धरून चुकीच्या 4 नेही बाकी 4 च आली असती आणि बरोबर चक्रानेही 4 च. सरावात असं एखादं गणित योगायोगाने सुटलं की चुकीची रीत पक्की होते. म्हणून नुसतं उत्तर जुळवून भागत नाही, चक्र कोणत्या भाजकाचं आहे तेही पाहावं लागतं.

भाजक मूळ संख्या असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर चक्र लिहायचीही गरज नाही: भाजकातून 1 वजा करा आणि त्या संख्येने घातांकाला भागा. 7 ला 6, 11 ला 10, 13 ला 12. प्रत्यक्ष चक्र याहून लहान असू शकतं (7 साठी 2 चं चक्र 2, 4, 1 एवढंच), पण त्याने 6 ला भाग जातो, म्हणून उत्तर बिघडत नाही. भाजक 9 असताना हाच नियम लावून 8 घेतला तर मात्र फसाल. 2¹⁰ = 1024, 9 ने भागल्यावर बाकी 7; 8 च्या हिशोबाने 2² म्हणजे 4 येते. भाजक मूळ नसेल तेव्हा चक्र लिहूनच काढा.

आणखी एक घसरण याच घरची. 17 ला 7 ने लहान केलं म्हणून 203 लाही 7 ने लहान करायचा मोह होतो. 203 = 7 × 29, उरलं शून्य, उत्तर 1. चूक! 17 हा गुणला जाणारा आकडा आहे, म्हणून त्याच्या जागी त्याची बाकी चालते. 203 म्हणजे तो किती वेळा गुणायचा याची मोजणी, आणि मोजणीला चक्राच्या लांबीनेच भागायचं.

घातांकाला भागून शून्य उरलं तर चक्राची शेवटची जागा घ्या. 2⁸⁴ च्या एकक अंकासाठी 84 ला 4 ने पूर्ण भाग जातो. इथे 2⁰ = 1 धरणारे चुकतात, कारण 2 चं चक्र 2, 4, 8, 6 आहे, त्यात 1 येतच नाही. उत्तर 6. 2 आणि 10 सहमूळ नाहीत, म्हणून असं होतं. 3 किंवा 7 बाबतीत चक्र 1 वरच संपतं आणि तीच चूक झाकली जाते.