28 दिवसांनी म्हणजे महिन्याने नव्हे

प्रश्न: वडिलांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी गोसेरेलिनचं इंजेक्शन दर 28 दिवसांनी सांगितलंय. पहिलं झालं. पुढच्या सहा-सात महिन्यांच्या तारखा आत्ताच कशा काढून ठेवू? दर महिन्याला त्याच तारखेला दिलं तर चालणार नाही का?

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, हेच इंजेक्शन चालू आहे. 3.6 मिलिग्रॅमचं, बेंबीच्या खाली पोटाच्या कातडीखाली देतात ते. सुई चांगलीच जाड असते आणि तिच्यातून तांदळाच्या दाण्याएवढी कांडी आत सोडतात. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण व्याजाचे दिवस मोजण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे तारखांचं खातं घरात माझ्याकडे आलं.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. ती कांडी पोटात हळूहळू विरघळते आणि साधारण 28 दिवस औषध सोडत राहते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. तिला या औषधाची सतत टोचणी लागली की ती दमून गप्प बसते आणि टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम खाली जाणं थांबतं. औषध संपून मध्ये मोठा खंड पडला तर ग्रंथी जागी होते, टेस्टोस्टेरॉन वर सरकतं, आणि नेमकं तेच तर दाबून ठेवायचं असतं. दोन-तीन दिवस उशीर झाला म्हणून आकाश कोसळत नाही. औषधाच्या माहितीपत्रकातही थोड्या दिवसांचा उशीर चालेल, पण 28 दिवस पाळण्याचा पूर्ण प्रयत्न करा, असंच आहे. मात्र "दर महिन्याची 12 तारीख" धरलीत तर फेब्रुवारी सोडून प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस उशीर तुम्ही स्वतःच आधी लिहून ठेवलेला असतो. मग त्यावर एखादी जोडून सुट्टी आली, औषध दुकानात नसलं, नानांना ताप आला, की आठवडा गेलाच. ती सवलत अडचणीसाठी हातात ठेवायची, रोजच्या हिशोबात खर्च करायची नाही.

आता तारखा. नानांचं पहिलं इंजेक्शन शनिवार 12 जुलै 2025 ला झालं. 28 म्हणजे बरोबर चार आठवडे, म्हणून वार बदलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार शनिवार पुढे मोजा, झालं. 9 ऑगस्ट, 6 सप्टेंबर, 4 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर, 29 नोव्हेंबर, 27 डिसेंबर, 24 जानेवारी. सगळे शनिवार. कुणी तुमच्या कार्डावर तारीख लिहून दिली आणि वार वेगळा निघाला, तर मोजण्यात चूक आहे किंवा मुद्दाम सरकवलेलं आहे. दोन्हीपैकी काय, ते तिथेच विचारा.

आमच्या कार्डावर पहिल्याच वेळी 8 ऑगस्ट, शुक्रवार लिहून आला होता. काउंटरवरच्या मुलीने 12 जुलै हा पहिला दिवस धरून अठ्ठाविसावा दिवस काढला होता. बँकेत ठेव ठेवल्याचा दिवस मोजला की काढल्याचा सोडायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, इथेही तसंच. इंजेक्शनचा दिवस शून्य, पुढचं 28 व्या दिवशी. तो दिवस एक धरायचा असेल तर पुढचं एकोणतिसाव्या दिवशी. एक दिवस लवकर झाल्याने काही बिघडत नाही, पण दर वेळी तसंच मोजलं तर वार घसरत जातो आणि रविवारी येऊन आपटतो.

याहून मोठी गफलत "पहिला डोस" कशाला म्हणायचं यात होते. हे इंजेक्शन सुरू करताना पहिल्या काही आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उलट थोडं वाढतं, म्हणून आधीपासून बायकॅलुटामाइडच्या गोळ्या देतात. नानांच्या गोळ्या 5 जुलैला सुरू झाल्या आणि फाइलवर उपचार सुरू झाल्याची तारीख तीच पडली. दुसऱ्या कुणी त्यावरून मोजलं असतं तर 2 ऑगस्ट आली असती, म्हणजे इंजेक्शननंतर एकविसाव्या दिवशीच. तुम्ही गोळीची तारीख बाजूला ठेवा. सुई टोचली तो दिवस धरा.

आता पुण्यातली अडचण. 9 ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. आत्या राखी घेऊन थेट हॉस्पिटलच्या डे-केअरलाच आली, नानांच्या एका हाताला राखी आणि पोटावर कापसाचा बोळा. ते निभावलं. पण 6 सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी, आणि आम्ही राहतो नारायण पेठेत. त्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड सगळे मिरवणुकीचे, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला घेऊन कर्वे रोडच्या डे-केअरला पोचायचं कसं? म्हणजे सरकवणं भाग होतं.

इथे नुसतं "दोन दिवस आधी घेऊ" म्हणून चालत नाही, कारण सरकवलेल्या तारखेपासून पुढची सगळी माळ नव्याने ओवली जाते. कांडी ज्या दिवशी आत गेली त्या दिवसापासून तिचे 28 दिवस सुरू होतात, जुन्या यादीशी तिला देणंघेणं नाही. म्हणून मी प्रत्येक पर्याय पुढे चालवून बघितला. गुरुवार 4 सप्टेंबर घेतला तर पुढचं 2 ऑक्टोबर, म्हणजे दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, डे-केअर बंद. सोमवार 8 सप्टेंबर घेतला तर तीस दिवसांचं अंतर पडतं आणि पुढे मोजत गेलं की 26 जानेवारीला जाऊन अडकतं. शुक्रवार 5 सप्टेंबरला एकच दिवस लवकर होतं, आणि तिथून 3 ऑक्टोबर, 31 ऑक्टोबर, 28 नोव्हेंबर, 26 डिसेंबर, 23 जानेवारी. 5 सप्टेंबरला ईदची सुट्टी होती, पण डे-केअर चालू आहे हे फोन करून विचारून घेतलं. डॉक्टरांना तिन्ही पर्याय सांगितले, त्यांनी शुक्रवारला होकार दिला. तुम्हीही सरकवताना त्यांना विचाराच. किती दिवस मागे-पुढे चालेल हे रोग्याच्या अवस्थेवर ठरतं, ते माझ्या वहीवर ठरत नाही.

वही म्हणजे खरं तर मोबाइलमधली शीट. दोन रकाने पुरतात. A मध्ये ठरलेली तारीख, B मध्ये प्रत्यक्ष दिलेली. पहिली ओळ रकान्यांच्या नावांसाठी, दुसऱ्या ओळीत दोन्ही तारखा स्वतः भरायच्या, आणि A3 मध्ये हे लिहून खाली ओढायचं:

```
=IF(B2="",A2,B2)+28
```

B रिकामा असेपर्यंत ते ठरलेल्या तारखेवरून मोजतं. खरी तारीख भरली की खालच्या सगळ्या ओळी आपोआप सरकतात. B मध्ये 5 सप्टेंबर टाकल्यावर पुढचे सगळे शनिवार क्षणात शुक्रवार झाले, तेव्हा नानाही चष्मा लावून बघायला आले. शेजारी वारासाठी `=TEXT(A3,"dddd")` ठेवा. तारीख मात्र `2025-07-12` अशीच टाइप करा, कारण `12/07/2025` लिहिलं तर फोनच्या सेटिंगप्रमाणे कधी कधी 7 डिसेंबर धरलं जातं. कुणी `EDATE` सुचवलं तर घेऊ नका, ते कॅलेंडरचा महिना मोजतं.

आठवणीसाठी गूगल कॅलेंडर लावत असाल तर तिथेही दरमहा नको, दर चार आठवड्यांनी निवडा. फक्त एवढं की शीटसारखं ते स्वतःहून सरकत नाही. मध्ये तारीख बदलली तर जुनी मालिका पुसून नवी लावा. माझी पुसायची राहिली होती आणि ऐन विसर्जनाच्या दिवशी सकाळी ढोलांच्या आवाजात फोन "इंजेक्शन" म्हणून ओरडत होता.

बिलाचं आधीच सांगून ठेवतो. 28 दिवसांच्या हिशोबात वर्षाला बारा नाही, तेरा इंजेक्शनं होतात, आणि एका महिन्यात दोन येतात. आमचा तो महिना ऑक्टोबर, 3 आणि 31. विम्याच्या माणसाने दुसरं बिल "या महिन्याचं झालंय" म्हणून परत पाठवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "मासिक" असं लिहिलं होतं, तिथेच घोळ. दुसरी चिठ्ठी "दर 28 दिवसांनी" अशी घेतली, सोबत दोन्ही कांड्यांच्या खोक्यावरची स्टिकरं जोडली, तेव्हा मंजूर झालं. तुम्ही पहिल्याच वेळी ते शब्द लिहून घ्या. औषध आधी मागवून ठेवा. आमचा केमिस्ट चार दिवस आधी सांगायला लावतो.

उद्या डॉक्टर तीन महिन्यांचं, 10.8 मिलिग्रॅमचं सुचवतील, तेव्हाही हाच हिशोब: बारा आठवडे, 84 दिवस. कॅलेंडरचे तीन महिने बहुधा 90 ते 92 दिवसांचे भरतात, म्हणजे तिथे एका फटक्यात आठवड्याचा उशीर. आणि एखादं इंजेक्शन खरंच दहा-बारा दिवस चुकलंच, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघत बसायचं नाही आणि दोन एकदम घ्यायची नाहीत. त्याच दिवशी फोन करायचा, लवकरात लवकर घ्यायचं आणि तिथून नवे 28 मोजायचे.

शीटमध्ये मी आणखी एक रकाना ठेवलाय, डावी की उजवी बाजू. प्रत्येक वेळी बाजू बदलतात आणि नानांना ते आठवत नाही. नाना रक्त पातळ करायची गोळी घेतात, तेही त्याच ओळीत लिहिलंय. सुई जाड असल्याने पोटात रक्त साकळू शकतं, म्हणून सिस्टरला दर वेळी आधी सांगतो. पीएसए आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी सांगितली असेल तर रक्त इंजेक्शनच्या आधी द्या, त्याच सकाळी किंवा आदल्या दिवशी. मागची कांडी शेवटच्या दिवसापर्यंत पुरली का, हे त्यातच दिसतं. इंजेक्शननंतर आठवड्याने काढलेल्या आकड्यात ते कळत नाही. नानांचं 23 जानेवारीचं रक्त आम्ही 22 ला संध्याकाळी दिलं.