आयएई तोच, मग लूप बिघडला कसा?

"मॅडम, मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बीई करून वर्षभर एका केमिकल प्लांटमध्ये ट्रेनी आहे. सरांनी ४० लूपचं हेल्थ मॉनिटरिंग माझ्याकडे दिलंय. दर आठवड्याचा आयएई काढून एक्सेलमध्ये टाकते. चार महिन्यांत रिबॉयलरच्या स्टीम फ्लोचा आकडा हललाच नाही, पण ऑपरेटर म्हणतात लूप पार बिघडलाय. या कामात पुढे काही आहे का, की डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करून आयटीत जाऊ?"

कोर्सचा निर्णय आत्ता घेऊ नकोस. आधी हा स्टीमचा लूप शेवटपर्यंत सोडव, कारण तुझा आकडा आणि ऑपरेटर यांच्यात जो फरक पडतोय ना, तो ओळखता येणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे, आणि माझा अंदाज आहे की ऑपरेटर बरोबर आहेत.

आयएई म्हणजे सेटपॉइंट आणि पीव्ही, म्हणजे हवा तो आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा, यांच्यातला फरक, त्याचं चिन्ह काढून टाकायचं आणि जसजसा वेळ जाईल तसतशी बेरीज करत जायची, बस. आता या बेरजेत काय लपतं ते बघ. समज लूपची रेंज ० ते १० टन प्रति तास आहे, जानेवारीत तो पूर्ण आठवडा म्हणजे १६८ तास ऑटोत होता आणि सरासरी एरर ०.०५ टन प्रति तास होता, तर आयएई आला ८.४ टन. (हे ८.४ टन स्टीम वाया गेली असं कुणाला सांगू नकोस हं, वरचे आणि खालचे दोन्ही एरर त्यात मिळवलेले असतात.) एप्रिलमध्ये एरर दुप्पट झाला, ०.१, पण वैतागून ऑपरेटरनी लूप निम्मा आठवडा मॅन्युअलला ठेवला, म्हणजे ऑटोत राहिला फक्त ८४ तास. आणि बऱ्याच डीसीएसमध्ये मॅन्युअलला टाकलं की सेटपॉइंट पीव्हीच्या मागे मागे जातो, ट्रॅकिंग चालू असतं, म्हणजे तेवढा वेळ एरर शून्य. ०.१ गुणिले ८४, परत ८.४! कंट्रोलर दुपटीने बिघडला, निम्मा वेळ तर कामावरच नव्हता, आणि तुझ्या शीटवर सगळं आलबेल.

म्हणून नुसती बेरीज ठेवू नकोस. ऑटो किंवा कॅस्केडमध्ये असतानाचाच एरर घे, रेंजच्या टक्क्यात घे म्हणजे ४० लूप एका मापात येतील, आणि ऑटोत किती टक्के वेळ होता हा आकडा शेजारच्या कॉलममध्ये वेगळा ठेव, दोन्ही एकत्र करून एकच 'स्कोर' बनवायचा मोह टाळ. एक्सेलपेक्षा पायथनमध्ये हे सोपं जातं:

```
on = df.MODE.isin(['AUTO', 'CAS'])
err = (df.SP - df.PV).abs() / span * 100
mae = err[on].resample('W').mean()
auto_pct = on.resample('W').mean() * 100
```

यात span म्हणजे त्या लूपची रेंज, ती आधी लिहून ठेव, इंडेक्स तारीख-वेळेचा हवा आणि सँपल सारख्या अंतराने घेतलेले हवेत, आणि मोडची नावं तुमच्या सिस्टिमप्रमाणे बदल. हे केलं की वरच्या उदाहरणात जानेवारीला ०.५ टक्के एरर आणि १०० टक्के ऑटो, एप्रिलला १ टक्का एरर आणि ५० टक्के ऑटो असं दिसेल, मग कुणाला समजावून सांगायची गरजच नाही.

डेटा कुठून घेतेस तेही तपास. फ्लो लूप ४० सेकंदात एक फेरी मारत असेल आणि तू हिस्टोरियनमधून एक मिनिटाची सरासरी काढत असशील तर ती फेरी जवळपास पुसली जाते. तसंच कॉम्प्रेशन जास्त लावलेलं असेल तर ट्रेंड सरळ सरळ रेघांच्या तुकड्यांसारखा दिसतो, त्यावर काढलेला कुठलाही इंडेक्स भरवशाचा नाही. संशयाच्या लूपसाठी तरी एक-दोन सेकंदांचा कच्चा डेटा काही तास मागून घे.

आता कारण. एरर वाढला म्हणजे ट्युनिंग बिघडलं असं लगेच धरू नकोस, ट्युनिंगचे आकडे कुणी हात लावल्याशिवाय बदलत नाहीत, महिनोन्महिने हळूहळू बिघडतो तो बहुतेक वेळा व्हॉल्व्ह. कच्च्या डेटावर ओपी, म्हणजे कंट्रोलर व्हॉल्व्हला देतो तो आकडा, आणि पीव्ही एकाखाली एक लाव. ओपी करवतीच्या दातांसारखा चढतोय उतरतोय आणि पीव्ही मात्र पायरीसारखा एकदम उडी मारतोय, मधे सपाट राहतोय, असं दिसलं तर व्हॉल्व्ह चिकटतोय, स्टिक्शन. इंटिग्रल अ‍ॅक्शन ओपी वाढवत राहते, स्टेम हलत नाही, मग एकदम सुटतो आणि गरजेपेक्षा जास्त जातो, परत तेच उलट दिशेने. कंट्रोलर ढिला केलास तर फेरीचा वेळ लांबतो पण उडी जवळपास तेवढीच राहते, म्हणून नुसतं रिट्युनिंग करून हा आजार जात नाही.

खात्री करायला शिफ्ट इन्चार्जची परवानगी घेऊन, रिबॉयलरचा कॉलम स्थिर असताना, लूप थोडा वेळ मॅन्युअलला टाक. झुलणं थांबलं तर दोष याच लूपमध्ये आहे, चालूच राहिलं तर ते बाहेरून येतंय, स्टीम हेडरचं प्रेशर बघ. थांबलं तर ओपी अर्धा अर्धा टक्का एकाच दिशेने वाढवत जा आणि पीव्ही कधी हलतो ते लिहून ठेव. चार-पाच पायऱ्या देऊनही फ्लो ढिम्म आणि मग एकदम उडी, हे मेंटेनन्सला दाखवायला पुरेसं आहे. ग्लँड पॅकिंग जास्त आवळलंय का आणि पोझिशनर नीट आहे का, हे दोन त्यांना आधी बघायला सांग, स्टीम गळते म्हणून पॅकिंग आवळलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं असं फार वेळा होतं.

४० लूपमध्ये असं झुलणं हाताने शोधणं अवघड, त्यासाठी लुंडच्या टोरे हेगलुंड यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धत तुला आवडेल, कारण त्यातही आयएईच आहे. एरर शून्य ओलांडतो तिथपासून पुढच्या ओलांडण्यापर्यंतचा आयएई काढायचा, तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर एक मोजायचा, आणि ठराविक वेळात असे बरेच झाले तर लूप झुलतोय. आठवड्याच्या बेरजेपेक्षा हे कितीतरी जास्त बोलकं आहे.

एक सावधगिरी मात्र, सर्ज ड्रमच्या लेव्हल लूपला हे माप लावू नकोस. तिथे लेव्हल वरखाली व्हावी म्हणूनच ड्रम ठेवलेला असतो, पुढच्या युनिटचा फ्लो शांत राहावा म्हणून, तिथे आयएई कमी करायला गेलीस तर लूप 'सुधारेल' आणि खालचा कॉलम हलायला लागेल. अशा लूपना यादीत वेगळा रंग दे.

राहिला करिअरचा प्रश्न. या कामातून लोक अ‍ॅडव्हान्स्ड प्रोसेस कंट्रोलमध्ये जातात, रिफायनरीत, पेट्रोकेमिकलमध्ये, किंवा ऑटोमेशन कंपन्यांच्या सर्व्हिस टीममध्ये, आणि त्यासाठी बाहेरगावी जायलाच पाहिजे असंही नाही, पुण्यातही ऑटोमेशनवाल्यांची मोठी ऑफिसं आहेत. पायथन येणारे पुष्कळ मिळतात गं, पण ट्रेंड बघून व्हॉल्व्ह की ट्युनिंग की हेडर हे सांगणारे कमी. पायथन शीक, पण कामाच्या जोडीला, नोकरी सोडून नको. सहा महिने या लूपवर काम कर, मग आयटीचं पुन्हा विचार.

व्हॉल्व्ह दुरुस्त झाला की लगेच 'सुधारला' असं लिहू नकोस, आधी आणि नंतरचे चार-चार आठवडे घे, प्लांटचा लोड साधारण सारखा होता तेवढेच आठवडे, स्टार्टअप-शटडाउन आणि मोठे सेटपॉइंट बदल वगळून. एरर आणि ऑटोचा टक्का दोन्ही एका पानावर, खाली दुरुस्तीची तारीख आणि काय बदललं ते. ते पान आधी त्या ऑपरेटरना दाखव, सरांना नंतर.