'बघतो' आणि 'आय विल ट्राय': नकार-विनंतीची रीत दुसऱ्या भाषेत नेताना

प्रश्न: "अमेरिकन साहेबांनी शनिवारी येशील का विचारलं की मी 'आय विल ट्राय सर, आय हॅव सम वर्क ॲट होम' म्हणतो, आणि ते माझं येणं धरून चालतात. उलट सहकाऱ्याकडे साधी फाइल मागितली तरी त्याला हुकूम सोडल्यासारखं वाटतं. व्याकरण बरोबर असतं. मग चुकतं काय? याला काही नाव आहे का?"

उत्तर: नाव आहे: प्रॅग्मॅटिक ट्रान्सफर. शब्द नव्या भाषेचे, पण नाही म्हणायची आणि मागायची रीत पहिल्या भाषेची. शिकणाऱ्याची भाषा ही अशी स्वतःचे नियम असलेली मधली भाषा असते. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये तिला 'इंटरलँग्वेज' म्हटलं. पुढे याच मधल्या भाषेतल्या विनंत्या, नकार, माफी यांचा वेगळा अभ्यास सुरू झाला.

आधी तुमचा नकार पाहू. "बघतो सर, घरी जरा काम आहे." मराठी माणूस यातून नकार कसा ओळखतो? एकट्या 'बघतो'वरून नाही, कारण 'बघतो' खरंही असू शकतं. यायचा विचार असेल तर माणूस बहुधा लगेच पुढचं विचारतो: किती वाजता, किती वेळ लागेल. 'बघतो'च्या पाठोपाठ अडचण आली आणि ती 'जरा काम' इतकी मोघम असली, की विषय तिथेच संपवायचा हे दोघांनाही कळतं. मोघमपणा इथे मुद्दाम असतो. साहेबांना तोंडावर 'जमणार नाही' म्हणणं टळतं आणि त्यांना आग्रह सोडायला वाट मिळते.

इंग्रजीत हीच जुळणी उलटी वाचली जाते. 'ट्राय' म्हणजे प्रयत्न करण्याचा शब्द दिला, आणि 'सम वर्क' म्हणजे सहज बाजूला ठेवता येईल असं काहीतरी. 'येऊ शकत नाही' हा भाग कुठेच नाही. तिथल्या माणसाने साधारण असं म्हटलं असतं: "आय वुड लाइक टु हेल्प, बट आय कान्ट धिस सॅटर्डे. इट्स माय सिस्टर्स एंगेजमेंट." आधी इच्छा, मग स्पष्ट असमर्थता, मग पडताळता येईल असं कारण. कारण जितकं नेमकं, तितका नकार प्रामाणिक वाटतो.

पण हा पहिल्या भाषेचाच परिणाम, की इंग्रजी कच्चं असल्याचा? ते ठरवायची पद्धत बीबी, ताकाहाशी आणि युलिस-वेल्ट्झ यांच्या 1990 च्या अभ्यासात दिसते. त्यांनी 60 जणांचे तीन गट केले: जपानीत उत्तर देणारे 20 जपानी, इंग्रजीत उत्तर देणारे 20 जपानी आणि 20 अमेरिकन. सगळ्यांना 12 प्रसंग लिहून दिले. एकात तुम्ही पुस्तकाच्या दुकानाचे मालक आहात आणि चांगला कामगार पगारवाढ मागतो. तुमच्या उत्तराची जागा कोरी, आणि त्यापुढे कामगाराचं वाक्य छापलेलं: मग मला दुसरी नोकरी शोधावी लागेल. म्हणजे कोऱ्या जागेत नकारच बसतो. प्रत्येक नकाराचे खेद, कारण, पर्याय असे तुकडे पाडून त्यांचा क्रम, किती वेळा येतात आणि त्यातला मजकूर ताडून पाहिला. मधला गट अमेरिकनांपासून दूर आणि जपानी बोलणाऱ्यांच्या जवळ गेला, तर तो ट्रान्सफर. तसंच दिसलं. जपान्यांची कारणं इंग्रजीतही मोघम राहिली, आणि समोरचा वरचा की खालचा यावर त्यांचा नकार बदलत राहिला. अमेरिकनांच्या बाबतीत फरक पडत होता तो समोरचा बरोबरीचा आहे की नाही याने. एक मर्यादा मात्र आहे: कागदावर माणूस एकदाच नाही म्हणतो. आपल्याकडे जेवणाच्या आग्रहाला 'नको, नको' म्हणत चालणारी देवघेव अशा चाचणीत सापडत नाही.

विनंतीचं दुखणं वेगळं आहे. "जरा ती फाइल दे ना" यात क्रियापद आज्ञार्थी असूनही हुकूम नाही, कारण 'जरा' आणि 'ना' त्याची धार काढतात. इंग्रजीत आज्ञार्थ तसाच जातो, हे दोन शब्द गळतात आणि उरतं "गिव्ह मी दॅट फाइल". मागे 'प्लीज' जोडून फारसं भागत नाही. 'प्लीज'सकटही आज्ञार्थ तो आज्ञार्थच. 'जस्ट गिव्ह' तर आणखी वाईट: आपल्या मनात तो 'जरा' असतो, त्यांच्या कानाला तो वैताग वाटतो. तिथे मऊपणा वाक्याच्या रचनेत असतो, म्हणून "कुड यू पास मी दॅट फाइल?" असा प्रश्नच करायचा.

भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी 1983 मध्ये चुकण्याचे हे दोन प्रकार वेगळे केले. विनंतीत हेतू योग्य आहे, साधन चुकीचं आहे. ते व्याकरणासारखं सरळ दुरुस्त करता येतं. नकारात मात्र साहेबांना किती उघड नाही म्हणावं, घरचं कारण किती सांगावं, हा समजुतीचा प्रश्न आहे, आणि तिथे शिकवणाऱ्याने फक्त फरक दाखवावा, निवड शिकणाऱ्यावर सोडावी, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. तुम्हाला घरचं कारण सांगायचं नसेल तर सांगू नका. "आय कान्ट मेक इट धिस सॅटर्डे, आय हॅव अ फॅमिली कमिटमेंट" एवढं पुरतं. फक्त 'कान्ट' गाळू नका.