दुतोंड्या मारुती आणि दोन मथळे

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीला पूर आला, अशी बातमी तुझ्या हातात आहे असं समज. छापील अंकासाठी मी ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी’ असा मथळा देईन. नाशिककर पूर मोजतो तो याच मूर्तीवर. शिवाय शेजारी फोटो असतो, खाली उपमथळा असतो, त्यामुळे गावाचं नाव घालायची गरज नसते आणि तीन कॉलमांत चार शब्द ठसठशीत बसतात.

हाच मथळा वेबसाइटवर जसाच्या तसा चढवू नकोस. शोधनिकालात तो बहुधा एकटाच दिसतो. पुण्यात बसलेला मुलगा काळजीने ‘नाशिक गोदावरी पूर’ असं टाइप करतो आणि यातला एकही शब्द तुझ्या मथळ्यात नाही. म्हणून ‘नाशिक: गोदावरीला पूर, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी’ असं लिही. लांब मथळा शोधात शेवटाकडून कापला जातो, म्हणून ओळखीचे शब्द आधी. मारुती मात्र काढू नकोस, पुरात नाशिककर तोही शोधतात.

‘आज’ हा शब्दही टाळ. ती लिंक पुढच्या पावसाळ्यातही कुणाला तरी सापडेल आणि उगाच घबराट होईल, तारीखच घाल.