'उष्माधारकता' : धारण नेमके कशाचे?

*"दहावीच्या पुस्तकात 'विशिष्ट उष्माधारकता' आहे, आमच्या वेळी 'विशिष्ट उष्णता' होते. बरोबर कोणते? आणि स्फटिकांची उष्माधारकता अतिथंड तापमानाला शून्याकडे जाते असे वाचले. म्हणजे थंडीत पदार्थ उष्णता धरून ठेवू शकत नाही का?"*

दोन्ही शब्द बरोबर आहेत. मला 'उष्माधारकता' अधिक आवडतो, पण त्यातला 'धारक' जपून वाचावा लागतो. धारक म्हटले की डोळ्यांपुढे भांडे येते आणि धारकता म्हणजे त्यात एकूण किती मावते, असे वाटते. भौतिकीला हा अर्थ अभिप्रेत नाही. तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी ऊर्जा आणखी द्यावी लागते, तिला उष्माधारकता म्हणतात. हा वाढीचा हिशेब आहे, साठ्याचा नाही. विजेच्या धारित्राच्या 'धारकते'तही हेच आहे: एका व्होल्टमागे किती प्रभार, एवढेच ती सांगते.

भांड्याची उपमा सोडायची नसेल तर भांडे बदला. भोक बुजवलेले नरसाळे घ्या, ज्याचे काठ वर जाऊन सरळ उभे झाले आहेत. ओतलेले पाणी म्हणजे ऊर्जा आणि पाण्याची पातळी म्हणजे तापमान. मग उष्माधारकता म्हणजे त्या पातळीवरचा घेर. वरच्या सरळ भागात घेर सारखाच असतो, म्हणून दर बोटभर पातळीला सारखेच पाणी लागते. खाली नळीत मात्र चमचाभर पाण्याने पातळी झर्रकन चढते. तळाशी 'धारकता' नाहीशी होते ती या अर्थाने. पदार्थ उष्णता नाकारत नाही. उलट, इवल्याशा उष्णतेने तो पुष्कळ तापतो.

तांब्याचे उदाहरण पाहा. खोलीच्या तापमानाला एक ग्रॅम तांबे एका अंशाने तापवायला सुमारे ०.३८५ ज्यूल लागतात, म्हणजे एक ज्यूल दिला तर ते अडीच-पावणेतीन अंशांनी तापते. तेच तांबे द्रव हेलियमने ४ केल्विनपर्यंत थंड करा. आता एका अंशाला ज्यूलचा दहा हजारावा भागसुद्धा पुरतो. त्याच एका ज्यूलने ते ४ वरून थेट ४५ केल्विनच्या आसपास पोचते. अतिथंड उपकरणांत बारीकशी गळती उष्णताही मोजमाप बिघडवते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता वरचा सरळ काठ. इथे जुन्या शब्दातल्या 'विशिष्ट'कडे वळावे लागते. विशिष्ट म्हणजे एका ग्रॅममागे, आणि या ग्रॅमनेच खरी गोष्ट झाकून ठेवली होती. ॲल्युमिनियमला ग्रॅममागे ०.९० ज्यूल लागतात, लोखंडाला ०.४५, शिशाला जेमतेम ०.१३. आकड्यांत काही मेळ दिसत नाही. पण ग्रॅमऐवजी मोल घ्या, म्हणजे अणूंची संख्या सारखी ठेवा, की तिन्ही आकडे २४ ते २७ ज्यूलमध्ये येऊन बसतात. ड्यूलाँ आणि पेती यांनी १८१९ मध्ये हे पाहिले. धातूला वजनाची पर्वा नाही, अणूंची संख्या तेवढी महत्त्वाची. कारणही सुंदर आहे. स्फटिकातला अणू आपल्या जागी तीन दिशांना कंप पावतो. अभिजात हिशेबाने प्रत्येक दिशेच्या वाट्याला सरासरी kT एवढी ऊर्जा येते, अर्धी गतीची आणि अर्धी ताणाची. यात T म्हणजे तापमान आणि k म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक; मोलभर अणूंचे k एकत्र केले की वायुस्थिरांक R मिळतो. म्हणून मोलची ऊर्जा 3RT आणि उष्माधारकता 3R, म्हणजे २४.९ ज्यूल. त्यात तापमान कुठेच उरत नाही, आणि स्थिरपणा येतो तो त्यामुळेच.

हा नियम हिऱ्याने मोडला. खोलीच्या तापमानाला हिऱ्याचा आकडा मोलमागे जेमतेम ६.१ ज्यूल, म्हणजे अपेक्षेच्या चौथाई. हाइनरिख वेबर यांनी १८७० च्या दशकात तो वेगवेगळ्या तापमानांना मोजला, तेव्हा थंडीत तो आणखी घटला आणि हजार केल्विनच्या पुढे 3R च्या जवळ गेला. हिऱ्याची तक्रार फक्त थंडीची होती, आणि हिऱ्याच्या दृष्टीने आपली खोलीही थंडच.

१९०७ मध्ये आइनस्टाइन यांनी वेबरच्याच आकड्यांवरून याचा उलगडा केला. कंप पावणारा अणू हवी तेवढी थोडी ऊर्जा घेऊच शकत नाही. तो पायरीपायरीने घेतो आणि पायरीची उंची hν असते; h हा प्लांकचा स्थिरांक आणि ν ही कंपनाची वारंवारता. कंपन जितके जलद तितकी पायरी उंच. हिऱ्यातला कार्बन हलका आणि बंध कमालीचे ताठ, त्यामुळे कंपने फार जलद. आइनस्टाइन यांच्या हिशेबात त्याची पायरी तापमानाच्या मापात सुमारे १३२० केल्विन भरते. ३०० केल्विनला कंपनाच्या हाताशी सरासरी ऊर्जा पायरीच्या चौथाईहून कमी असते. मग ऐंशीतले जेमतेम एक कंपन पहिल्या पायरीवर चढलेले सापडते, बाकीची खालीच. तापमान एका अंशाने वाढवले तरी नव्याने चढणारी कंपने थोडीच, म्हणून ऊर्जाही थोडीच खपते. आइनस्टाइन यांच्या सूत्रात x म्हणजे पायरी भागिले तापमान; तिथे x = 1320/300 = 4.4 घातले, तर 3R चा ०.२४ एवढा भाग येतो, म्हणजे ६.१ ज्यूल! शाळेत सूत्रे पाठ केलेल्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा:

```
C = 3R · x² · eˣ / (eˣ − 1)²
```

शिशाचे अणू जड, बंध मऊ आणि पायरी बुटकी. म्हणून खोलीच्या तापमानाला शिसे काठाच्या सरळ भागात केव्हाच पोचलेले असते.

या सूत्राला एक मर्यादा आहे. ते अगदी खाली धारकता फारच झपाट्याने उतरवते. १०० केल्विनला त्याच्या मते हिऱ्यातले साडेपाच लाखांत एखादेच कंपन चढलेले असेल. प्रत्यक्षातली घट इतकी तीव्र नसते. कारण अणू सुटे-सुटे कंप पावत नाहीत. सगळा स्फटिक मिळून लांब, संथ लहरींनीही थरथरतो आणि त्या लहरींच्या पायऱ्या अगदी बुटक्या असतात. १९१२ मध्ये डिबाय यांनी त्या हिशेबात घेतल्या, तेव्हा धारकता T³ प्रमाणे घटते असे निघाले: तापमान निम्मे, धारकता अष्टमांश. धातूंत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वाटाही असतो आणि तो T प्रमाणे म्हणजे सावकाश घटतो, म्हणून अगदी तळाशी तोच वरचढ ठरतो. तांब्यात ४ केल्विनच्या सुमारास दोन्ही वाटे जवळपास सारखे असतात.

जाता जाता आणखी एका शब्दाबद्दल. या विषयात 'कंपने गोठतात' असे म्हणतात. मराठीत गोठणे म्हणजे पातळाचे घट्ट होणे, पण इथे स्फटिक आधीच घन आहे. शिवाय पहिल्या पायरीखाली राहिलेला अणू निश्चलही नसतो. शून्य केल्विनलाही त्याची किमान थरथर उरते, फक्त ती तापमानाबरोबर वाढत नाही. म्हणून मी 'कंपने निजतात' म्हणतो. निजलेल्याचा श्वास चालूच असतो.