पुसलेला युजर बॅकअपमधून परत येतो तेव्हा

मुख्य डेटाबेसमधून ओळ काढलीस की रेप्लिकांवरूनही ती जाते, पण जुन्या बॅकअपला याचा पत्ताच नसतो. समज, युजर ४१८२ चा डेटा १० तारखेला पुसला आणि १२ ला बिघाड झाला म्हणून ८ तारखेचा बॅकअप चढवला. तो युजर जसाच्या तसा परत येणार!

म्हणून पुसलेल्या आयडींची यादी त्या डेटाबेसबाहेर ठेव. त्यात फक्त आयडी आणि तारीख. नाव, ईमेल अजिबात नको. रिस्टोअर झाल्यावर, ट्रॅफिक सुरू करण्याआधी, यादीतले सगळे पुन्हा पुस. मगच कॅशे रिकामा कर आणि सर्च इंडेक्स नव्याने बांध. आधी इंडेक्स बांधलास तर पुसलेलं नाव शोधात दिसत राहील. ज्या बॅकअपमध्ये ४१८२ आहे तो शेवटचा बॅकअप नष्ट होईपर्यंत यादीतली नोंद काढू नकोस.